मदत हवी आहे: रस्त्यावर एकच प्रश्न विचारलेला व्हिडिओ, शेवटचा पंच पडतच नाही

फ्रेमवेडा
रस्त्यात अनोळखी लोकांना थांबवून एकच गमतीशीर प्रश्न विचारला आणि उत्तरं जोडून शेवटी पंच येईल असा व्हिडिओ केलाय. शूट करताना आम्ही पोट धरून हसत होतो. एडिट केल्यावर मात्र शेवट सपाट. ज्यांना दाखवला ते मध्ये थोडं हसतात आणि शेवटी "संपला का?" विचारतात. संगीत बदलून झालं, चेहऱ्यावर झूम टाकून झाला, काही फरक नाही. उद्या टाकायचाच आहे. काय करू? पटकन सांगा.

शब्दसखी
प्रश्न काय होता ते तरी लिहा! आणि शेवटचं उत्तर काय आहे? त्याशिवाय कोण काय सांगणार?

वाटसरू
लोक थांबत नाहीत ही खरी अडचण असते. मी समोरून आडवा जात नाही, बाजूने दोन पावलं बरोबर चालतो आणि चालता चालताच विचारतो. कॅमेरा थोडा लांब ठेवा. घाईत असलेल्याला सोडून द्या, कशाची तरी वाट बघत उभा असलेला माणूस हमखास बोलतो.

फ्रेमवेडा
@वाटसरू लोक थांबतात हो, तो प्रश्नच नाही.
@शब्दसखी प्रश्न: "तुमच्या सावलीला बोलता आलं, तर ती तुमच्याबद्दल पहिली तक्रार काय करेल?" उत्तरं छान आलीत. एकजण म्हणाला, "दुपारी मला एवढंसं का करतोस?" एक ताई म्हणाल्या, "सगळीकडे नेतेस, फोटोत मात्र धरत नाहीस." शेवटी एक आजोबा आहेत. ते खाली बघतात, थांबतात आणि म्हणतात, "तक्रार एवढीच, की तुम्ही तिच्यावर उभे आहात." मी खरंच त्यांच्या सावलीवर उभा होतो!

गतिमान
हे तर सोनं आहे. पण पहिल्या तीन सेकंदांत पकड नसेल तर लोक पुढे सरकतात. आजोबांचं वाक्य आधी टाका, मग बाकीचे, शेवटी परत आजोबा. आणि सगळ्या जागा कापा. श्वास, "अं…", विचार करणं, सगळं बाहेर.

फ्रेमवेडा
@गतिमान तसंच केलंय. सुरुवातीला आजोबांचं वाक्य आहे, मधल्या जागाही काढल्यात.

कात्री_डिंक
मग दुखणं तिथेच आहे. तुमचा पंच पहिल्याच सेकंदाला खर्च होतो. शेवटी प्रेक्षक तोच विनोद दुसऱ्यांदा ऐकतो, तो हसणार कसा? सुरुवातीची पकड हवी, हे गतिमान यांचं बरोबर आहे. पण ती प्रश्नाने घ्या. प्रश्न ऐकून विचारात पडलेला एखादा चेहरा घ्या. उत्तर देऊ नका.

आता विनोद नेमका कुठे आहे ते बघा. बाकी सगळे सावलीबद्दल कल्पना करताहेत. आजोबा एकटेच खऱ्या, पायाखालच्या सावलीबद्दल बोलताहेत. म्हणजे त्यांच्याआधी तीन-चार उत्तरं निव्वळ कल्पनेची हवीत, म्हणजे प्रेक्षकाला ती सवय लागेल. आधीच्या क्लिपमध्ये कोणी खाली जमिनीकडे बघतंय का? असेल तर ती क्लिप कितीही छान असली तरी काढा, कारण ती शेवट फोडते.

आणि एक सांगा, आजोबांच्या फ्रेममध्ये सावली दिसते का?

फ्रेमवेडा
नाही, छातीपासून वर आहे. आणि हो, चौथी मुलगी खाली बघून स्वतःच्या सावलीला हात करते. माझी सगळ्यात आवडती क्लिप आहे ती!

कात्री_डिंक
तीच काढा. वेगळी छोटी क्लिप म्हणून वापरता येईल.

सावली दिसत नसेल तर प्रेक्षकाच्या दृष्टीने आजोबा नुसतं काहीतरी बोलले. तुम्ही तिथे होतात, तुमचे बूट त्या सावलीवर होते, म्हणून तुम्हाला हसू आलं. दुसरा कॅमेरा होता का?

फ्रेमवेडा
मित्र मोबाइलवर लांबून घेत होता. त्यात आम्ही दोघं पायापर्यंत दिसतो, सावलीही स्पष्ट आहे. पण त्याचा आवाज वेगळा आहे, म्हणून वापरलं नाही.

कानसेन
आवाज माइकचाच ठेवा, मोबाइलचं फक्त चित्र घ्या. दोन्ही आवाजांच्या लहरी एकाखाली एक ठेवा, "तक्रार" मधला "त" ठसठशीत दिसेल, तो जुळवा. मोबाइलचं रेकॉर्डिंग लांब असेल तर हळूहळू सरकतं, पण चार-पाच सेकंदांच्या तुकड्यात कळणारही नाही. जागा परत घालताना त्याच ठिकाणचा रहदारीचा आवाज खाली सलग पसरा, नाहीतर प्रत्येक कटला पार्श्वभूमी उडी मारते. आणि पुढच्या वेळी कॉलर माइक सोडा, हातातलाच घ्या. तो तोंडाजवळ नेता येतो.

गतिमान
हातातला माइक बघून लोक बातम्यांसारखं बोलायला लागतात. कॉलर माइकच बरा.

कानसेन
अनोळखी माणसाच्या कपड्यांना माइक लावत बसलात तर पहिलं सहज उत्तर तिथेच विरून जातं.

शब्दसखी
माइकचं भांडण बाजूला ठेवा. तळाला मजकूर देता का? पूर्ण वाक्य एकदम येत असेल तर लोक आजोबांच्या आधी वाचून मोकळे होतात. "तक्रार एवढीच, की" इतकंच दाखवा. उरलेलं त्यांनी उच्चारल्यावर.

कात्री_डिंक
फार नेमकं सांगितलंत. पूर्ण शेवट असा लावून बघा. आजोबा जवळून, ते खाली बघतात, ही शांतता अजिबात कापू नका. "तक्रार एवढीच, की" जवळच्या शॉटवर. "तुम्ही तिच्यावर" म्हणताना लांबचा शॉट, बूट आणि सावली दोन्ही दिसू देत. "उभे आहात" संपल्यावर पंचवीस फ्रेमच्या हिशेबाने बारा-पंधरा फ्रेम, म्हणजे साधारण अर्धा सेकंद, तसंच राहू द्या. त्या वेळात प्रेक्षकाला सावली सापडते. मग तुम्ही बाजूला सरकता ते असेल तर ते, आणि संपलं. पहिल्यांदाच बघणाऱ्याला दाखवा आणि स्क्रीन सोडून त्याच्या तोंडाकडे बघा. सावली दिसण्याआधीच हसला तर काहीतरी आधी फुटतंय. व्हिडिओ संपल्यावर हसला तर जागा कमी पडली.

गतिमान
शेवटी कोणाचं तरी हसणं लागतं. त्या फोटोवाल्या ताई हसल्या असतील तर तो तुकडा आजोबांच्या वाक्यानंतर जोडा.

शब्दसखी
त्या आजोबांच्या वाक्यावर हसल्याच नव्हत्या. हे खोटं आहे.

कात्री_डिंक
लेव कुलेशोव या सोव्हिएत दिग्दर्शकाने शंभरेक वर्षांपूर्वीच दाखवलं होतं, एकाच निर्विकार चेहऱ्याशेजारी वेगवेगळी चित्रं जोडली की प्रेक्षक त्यात वेगवेगळे भाव वाचतो. म्हणजे जोडलं तर चालेल. पण उसनं हसणं कथापटात ठीक, इथे खरी माणसं आहेत. मी हसणं उसनं घेतो, उत्तर कधीच नाही, आणि कोणी हास्यास्पद दिसत असेल तर हसणंही नाही.

शब्दसखी
मला तेही पटत नाही. ताईंनी स्वतःच्या उत्तरासाठी होकार दिलाय.

फ्रेमवेडा
ताईंचं हसणं नाही घेत, माझं सरकणं आहे मोबाइलमध्ये. आजोबांना सुरुवातीवरून काढलं, मुलगी काढली, लांबचा शॉट जुळला. आत्ता बहिणीला दाखवला, सावली दिसल्यावर हसली!! एकच अडचण उरलीय. "उभे आहात" वर माझंच हसणं चढलंय आणि माइक एकच होता. ते काढता येईल का?

कानसेन
एकाच माइकवर दोन आवाज एकमेकांवर असतील तर स्वच्छ वेगळे होणार नाहीत. आजोबांचा आवाज चोरल्यासारखा येईल. मोबाइलचा आवाज तेवढ्या दोन शब्दांपुरता ऐकून बघा, तिथे तुम्ही कॅमेऱ्यापासून लांब आहात.

वाटसरू
हसणं राहू द्या की. खरं आहे ते.

कात्री_डिंक
"आहात" कळत असेल तर राहू द्या. कळत नसेल तर मजकूर तिथे मोठा करा. मोबाइलचा आवाज टाकून ऐकलात की कळवा.