'रिहला'ला मराठीत काय म्हणाल?

मुग्धा_कोथरूड: इब्न बतूताच्या पुस्तकातला हजचा भाग मराठीत करतेय. 'रिहला'ला प्रवासवर्णन म्हणू की यात्रावर्णन? आमच्या वाचनगटात एकजण म्हणतो सरळ रोजनिशी लिही.

पर्वतीकर: पोथी ठेवायची ती लाकडी घडीची ना? आजोबांकडे होती एक, मोमीनपुऱ्यातून आणलेली.

मुग्धा_कोथरूड: नाही काका, ती रेहल 🙂

शनिवारपेठी: रोजनिशी तर नकोच. हा टँजियरहून निघाला १३२५ ला आणि पुस्तक झालं १३५५-५६ च्या सुमाराला, तेही मोरोक्कोतल्या फेजच्या सुलतानाने सांगितलं म्हणून, याने तोंडी सांगायचं आणि इब्न जुझय नावाच्या लेखनिकाने नटवून लिहायचं. मक्का, मदिना, दमास्कसची वर्णनं बरीचशी इब्न जुबैर नावाच्या हजयात्रेकरूकडून उचललेली, तो ११८३ ला निघालेला, म्हणजे जवळपास दीडशे वर्षं आधीचा माणूस. कुठे नाव घेतलंय, बऱ्याच ठिकाणी नाही. त्यामुळे मशिदीचं वर्णन वाचताना हे नक्की कुठल्या सालचं, हे आधी बघायचं.

अनिकेत: म्हणजे थापाच की, सोर्स कसला डोंबलाचा.

शनिवारपेठी: सरसकट नाही रे. दमास्कसचंच घे. बतूता म्हणतो ९ रमजान ७२६ ला, म्हणजे ऑगस्ट १३२६ मधे पोचलो आणि एका शुक्रवारी इब्न तैमिया या धर्मपंडिताला व्यासपीठावर पाहिलं, तो एक पायरी उतरून म्हणाला, मी उतरतो तसा देव उतरतो. आता इब्न तैमिया महिनाभर आधीच किल्ल्यात कैदेत गेलेला, १३२८ ला तिथेच वारला. म्हणजे डोळ्यांनी पाहिलेलं नाही हे, तारखा खऱ्या धरल्या तर. पण त्याच्या विरोधकांत हा किस्सा फिरत होता आणि फेजच्या दरबारात तो खपणार होता, एवढं कळतंच की.

अनिकेत: ओके, पण खरं काय ते कसं ओळखायचं मग?

शनिवारपेठी: ज्यात लिहिणाऱ्याला मिरवायचं नाही तिथे बघ. इब्न जुबैर तांबड्या समुद्रावरच्या अयधाब बंदराबद्दल कातावून लिहितो, काथ्याने शिवलेल्या, खिळा नसलेल्या होड्यांत हाजींना कोंबड्यांच्या खुराड्यासारखं भरतात आणि मालक म्हणतात होड्या आमच्या, जीव ज्याचा त्याने सांभाळावा. तोही चिडून वाढवत असेल, पण पुढच्या हाजींना सावध करायला लिहितोय, होडीची बांधणी त्याने कशाला बनवून सांगावी.

स्मिता_ताई: आमच्या आत्याच्या काशीयात्रेच्या वहीत घाटापेक्षा पंड्याच्या दक्षिणेबद्दलच जास्त लिहिलंय 😄

मुग्धा_कोथरूड: हाहा. पण ताई, बतूताच्या पुस्तकाच्या नावातच 'अजायब' आहे, आपलं अजब त्यातलंच, म्हणजे वाचणारा नवलाईच्याच अपेक्षेने येणार. यात्रावर्णन म्हटलं तर लोक श्रद्धेने वाचतील, प्रवासवर्णन म्हटलं तर हज मागे पडतो.

शनिवारपेठी: त्यात विद्वानांच्या भेटी आणि त्यांच्याकडून मिळालेल्या सनदापण येतात. रिहलाच ठेव, एक तळटीप दे.

अनिकेत: सफरनामा चालेल ना? सगळ्यांना कळतो.

शनिवारपेठी: तो फारसी, नासिर खुस्रोचा. चालेल म्हणा, पण मला खटकतो.