अनुभव धागा: जर्मनीत पत्त्याची नोंद अन् परमिटची मुदतवाढ

आर्वीकर: आपल्या आर्वी, पुसद, दारव्ह्याची पोरं नर्सिंगच्या अन् इंजिनिअरिंगच्या नोकऱ्यांसाठी जर्मनीत चालली आहेत. एजंटचं काम विमानात बसवून दिलं की संपतं. पुढचं ज्यांनी निस्तरलं त्यांनी लिहा.

पुसदची परिचारिका: घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्ता नोंदवायचा. त्याला भाडेकरार चालत नाही, घरमालकाच्या सहीचा वेगळा कागद लागतो. मी एका ताईंच्या फ्लॅटमधल्या खोलीत पोटभाडेकरू होते, त्यामुळे मूळ भाडेकरू म्हणून त्यांनीच सही दिली. नोंद झाली, पण कर क्रमांकाचं पत्र काही येईना. तिकडे पोस्टमन फ्लॅट नंबर बघत नाही, डब्यावरचं आडनाव बघतो, आणि डब्यावर फक्त ताईंचं आडनाव होतं! पट्टी चिकटवली अन् पत्र पुन्हा मागवलं. तोवर पगारातून जास्तीचा कर कापला जात होता.

दारव्ह्याचा भाऊ: परमिट संपायच्या आत अपॉइंटमेंट नाही भेटली तर गाशा गुंडाळून परत यावं लागते. माझ्या रूममेटनं तर तिकीटच पाहून ठेवलं होतं.

पुसदची परिचारिका: नाही भाऊ. मुदत संपायच्या आत *अर्ज* गेला पाहिजे, भेट नंतरची मिळाली तरी चालते. माझं परमिट जूनअखेर संपत होतं. एप्रिलमध्येच ऑनलाइन अर्ज टाकला, पोच जपून ठेवली. भेट ऑगस्टमध्ये मिळाली. मधल्या काळासाठी ‘फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग’ नावाचा कागद दिला. त्यावर कलम ८१, पोटकलम ४ च्या चौकटीत खूण आहे का ते तिथंच बघा. ती असली की जुनं परमिट निर्णय होईपर्यंत चालू धरतात, नोकरीही चालू राहते. पोटकलम ३ ची खूण असेल तर भारतात येऊन त्या कागदावर परत जाता येत नाही.

वर्धेचे काका: पोरगा तिकडे नोंदला तर इकडं राशन कार्डातून नाव कमी करा लागते का? तलाठी काही सांगत नाही.

आर्वीकर: काका, ते तहसीलच्या पुरवठा विभागात विचारा. जर्मनीच्या नोंदीशी त्याचा संबंध नाही. पण पोराचा पासपोर्ट कधी संपतो ते बघा. परमिट पासपोर्टच्या मुदतीपलीकडचं देत नाहीत.

दारव्ह्याचा भाऊ: पोटकलम ४ वाला कागद होता, तरी परत जाताना नागपूर विमानतळावर काउंटरवरच्या पोरीनं संपलेलं कार्ड पाहून अडवलं. दोन-तीन फोन झाल्यावर सोडलं. दरवेळी असंच होते का?

पुसदची परिचारिका: माझ्या मैत्रिणीला कोणी विचारलंही नाही. संपलेलं कार्ड, कागद अन् पासपोर्ट तिन्ही हातातच ठेवायचे, एवढंच आपल्या हाती.

यवतमाळची नवखी: डब्याच्या पट्टीवर वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव मावत नाही हो ताई. काय लिहू?

पुसदची परिचारिका: आडनाव पुरे, फक्त नोंदणीच्या कागदावर आहे त्याच स्पेलिंगनं.