मदत हवी आहे: गाडीच्या खालून दगड लागला, सर्व्हिस सेंटर म्हणतंय अख्खा बॅटरी पॅक बदला (सेल टू पॅक)

हर्षदा_नाशिक
नमस्कार, आमची इलेक्ट्रिक एसयूव्ही आहे, कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण प्रकरण विम्याकडे आहे. कसाऱ्याच्या अलीकडे रस्त्यावर पडलेला मोठा दगड खालून घासला, बॅटरीच्या ट्रेला मधोमध पोचा आलाय, तळहाताएवढा असेल. गाडी चालतेय, चार्ज होतेय, डॅशबोर्डवर एकही वॉर्निंग नाही. तरी सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात की हा सेल टू पॅक आहे, आत मॉड्यूल नाहीत, त्यामुळे काहीही झालं तरी पूर्ण पॅकच बदलावा लागतो, आणि एस्टिमेट गाडीच्या निम्म्या किमतीच्या आसपास गेलंय. सर्व्हेअर म्हणतो सेल खराब झालेत याचा पुरावा द्या. हे खरंच असं असतं का? एखादा सेल बदलता येत नाही का? आणि मी त्यांच्याकडे नेमकं काय तपासून मागू?

बाबा_भोसरीकर
ताई, सेल टू पॅक म्हणजे बॅटरी गाडीच्या चॅसिसमध्येच बसवून टाकलेली असते, ती बाहेर निघतच नाही. म्हणून मी सगळ्यांना सांगतो जुन्या मॉड्यूलवाल्या गाड्याच घ्या.

सांगलीचा_सचिन
माझ्या स्कूटरच्या बॅटरीतले दोन सेल गेले होते, आमच्या इथल्या एका पोराने सोल्डर करून नवीन टाकले, दीड हजारात काम झालं, अजून मस्त चालते. तुम्ही बाहेर दाखवा, कंपनीवाले लुटतात.

पॅकवाला_पुणे
सचिन, कृपा करून हा सल्ला चारचाकीला देऊ नका. तिथे चारशे व्होल्टच्या आसपास डीसी असतं, हात गेला तर माणूस जातो.

भोसरीकर, तुमचं अर्धं बरोबर आहे. सेल टू पॅकमध्ये सेलचे गट ठेवणारे मधले मॉड्यूलचे डबे गेले, पण पॅक अजून खालून बोल्ट काढून एकसंध उतरवता येतो. तुम्ही म्हणताय ते त्याच्या पुढचं पाऊल, बॉडीचाच भाग झालेली बॅटरी. बीवायडीने २०२२ मध्ये सील गाडीत पॅकचं झाकण हीच केबिनची फरशी केली. टेस्लाने त्याच वर्षी ऑस्टिनच्या मॉडेल वायमध्ये ४६८० सेलचा पॅक आणला, त्यात पुढच्या सीट पॅकवरच बोल्ट केलेल्या आहेत आणि ८२८ सेलच्या मधे गुलाबी फोम ओतून घट्ट केलाय. अमेरिकेत सँडी मनरो यांच्या टीमने तो उघडला तेव्हा फोम फोडून काढावा लागला. तिथे सेल बदलणं हा विषयच उरत नाही.

आता हर्षदाताई, हे असं का करतात ते एका हिशोबात कळतं. २०१८ ची निसान लीफ घ्या. ४० किलोवॅट तास, पॅकचं वजन साधारण ३०३ किलो, म्हणजे किलोला १३२ वॅट तास. पण तिचा नुसता सेल किलोला सुमारे २२४ देतो. मधली सगळी घट म्हणजे २४ मॉड्यूलची आवरणं, ट्रे, वायरिंग, पट्ट्या. आता बीवायडीची हान बघा, ब्लेड सेलची पहिली गाडी, २०२० ची. त्यातला एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटचा, सेल किलोला साधारण १६५ च देतो, म्हणजे लीफपेक्षा बराच मागे. पण ७६.९ किलोवॅट तासाचा पॅक साधारण ५४९ किलोचा, म्हणजे किलोला १४०. सेल कमी ताकदीचा, पॅक पुढे! स्वस्त आणि तापायला सोशिक असलेली एलएफपी मोठ्या गाड्यांत परत आली त्यात या बांधणीचा मोठा वाटा आहे.

किंमत कुठे मोजावी लागते? हानमध्ये ते १७८ सेल एकामागे एक सिरीजमध्ये आहेत, एकेक सेल जवळपास मीटरभर लांब आणि दीड सेंटीमीटरपेक्षाही बारीक, आणि वर-खाली पत्र्याला स्ट्रक्चरल गोंदाने चिकटवलेले. ताकद त्या चिकटवण्यातूनच येते, सँडविचसारखी. म्हणून एक सेल काढायचा तर गोंद उपटताना शेजारचे वाकतात, सेल एकमेकांना जोडणारे वेल्ड केलेले बसबार कापावे लागतात, आणि परत तीच ताकद येईल याची हमी कोणी देत नाही. तेव्हा "सेल बदलता येत नाही" हे वर्कशॉपच्या पातळीवर खरं आहे. पण "पोचा आला म्हणजे सेल गेला" हे त्यातून निघत नाही, तिथे तुम्ही अडून बसा.

मीनल_बंगळुरू
मी बॅटरी टेस्टिंगमध्ये आहे, थोडी भर घालते. आधी विचारा की कूलिंग प्लेट वर आहे की खाली. ब्लेडवाल्या पॅकमध्ये ती सेलच्या वर असते, खालून ठोका बसला तर बहुधा तळाचा संरक्षक पत्राच खातो. पण बऱ्याच पॅकमध्ये प्लेट तळाशी असते, आणि तिथे पोचा म्हणजे कूलंटची वाट चेपलेली किंवा हळूहळू गळणारी असू शकते.

मग तीन गोष्टी लेखी मागा, आकड्यांसकट. प्रत्येक सेलचं व्होल्टेज, गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळचं, आणि शक्यतो जवळपास पूर्ण चार्ज असताना, कारण एलएफपीचं व्होल्टेज मधल्या चार्जला इतकं सपाट असतं की बिघडलेला सेलही इतरांसारखाच दिसतो. दुसरं इन्सुलेशन रेझिस्टन्स. नियमाची किमान मर्यादा व्होल्टला १०० ओहम आहे, म्हणजे ४०० व्होल्टला ४० किलो-ओहम, पण निरोगी पॅक मेगाओहममध्ये असतो, त्यामुळे "पास" एवढ्यावर समाधान मानू नका. आणि तिसरं, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, हवेच्या दाबाने लीक टेस्ट. ट्रेला सूक्ष्म चीर गेली असेल किंवा सील ताणलं असेल तर आज सगळे आकडे चांगले येतील आणि पावसाळ्यात ओल शिरल्यावर इन्सुलेशन पडेल.

बाबा_भोसरीकर
पण जुन्या पॅकमध्ये एक नवीन सेल टाकला की सगळा पॅक मरतो ना, म्हणून तर बदलत नसतील?

पॅकवाला_पुणे
तसं नाही. नवीन सेल इतरांएवढ्याच चार्जवर आणून बसवला तर चालतो, पॅकची क्षमता जुन्यांपैकी सगळ्यात कमजोर सेल ठरवतो एवढंच. मॉड्यूलवाल्या गाड्यांत हे वर्कशॉपमध्ये होतं. फोक्सवॅगन आयडी ४ च्या ७७ किलोवॅट तासाच्या पॅकमध्ये १२ मॉड्यूल आहेत, त्यातला एक बदलता येतो. अडचण गोंदाची आहे, रसायनाची नाही.

हर्षदा_नाशिक
सगळ्यांचे खूप आभार. आज फोन केला. प्लेट वर आहे म्हणाले. सेलमध्ये सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी यात १२ मिलिव्होल्टचा फरक आहे, पण तेव्हा चार्ज ५५ टक्के होता. इन्सुलेशन "ओके" असं लिहिलंय, आकडा नाही. लीक टेस्टचं साधन आमच्याकडे नाही, ते फक्त मोठ्या सेंटरला आहे म्हणाले. आणि तळाचा पत्रा वेगळा पार्ट म्हणून मिळतो का हे विचारलं तर उत्तरच नाही.

मीनल_बंगळुरू
५५ टक्क्यांवरच्या १२ मिलिव्होल्टवरून काहीच ठरत नाही, पूर्ण चार्जला परत घ्यायला सांगा. गाडी मोठ्या सेंटरला न्यायचा खर्च विम्यात बसतो का ते सर्व्हेअरला विचारा, पुरावा त्यालाच हवाय. आणि कंपनीच्या रिपेअर मॅन्युअलमध्ये पोचा किती खोल चालतो याची मर्यादा असते का ते ईमेलवर विचारा, फोनवर नको.

पॅकवाला_पुणे
आणि लीक टेस्ट होईपर्यंत साचलेल्या पाण्यातून गाडी घालू नका. तळाच्या पत्र्याचं माझंही नक्की नाही, काही पॅकमध्ये तो बोल्टचा असतो, काहींत तोच गोंदाचा खालचा थर असतो. खालून फोटो काढून टाकता आला तर बघा, कडेला बोल्टची रांग दिसते का एवढंच बघायचंय.