शब्दचर्चा: नाइन-बॉलमधला ‘पुश आउट’ आणि ‘सगळ्यात लहान बॉल आधी’

मिहिर: आमच्या क्लबच्या पूल टेबलावर नाइन-बॉल खेळताना वाद झाला. ब्रेकवर, म्हणजे डाव फोडणाऱ्या पहिल्या फटक्यावर, तीन नंबर पडला आणि एक नंबर सहाच्या आड गेला. ब्रेक करणारा ‘पुश आउट’ म्हणाला आणि त्याने पांढरा बॉल नुसता टेबलाच्या मधोमध आणून ठेवला, कुठल्याच बॉलला लावला नाही. समोरचा म्हणाला, फाउल, पांढरा माझ्या हातात दे. बरोबर कोण? शिवाय लहान नंबरचा बॉल आधी पाडायचा असतो, मग तीन नंबर आधी पडला तो कसा चालला?

शुभदा: मिहिर, ‘आधी’ हे पाडण्याबद्दल नाही, लागण्याबद्दल आहे. टेबलावर जे बॉल उरलेत त्यांतल्या सगळ्यात लहान नंबरला पांढरा पहिल्यांदा लागला पाहिजे. तेवढं झालं की कुठलाही बॉल पडू दे. एक नंबरला मारलं, तो जाऊन नऊवर आदळला आणि नऊ पडला, तर तिथेच गेम जिंकली. काहीच पडलं नाही, तर त्या टक्करीनंतर कुठला तरी बॉल कुशनला, म्हणजे टेबलाच्या कडेला, लागायला हवा, पांढरा लागला तरी चालतो. क्लबात सगळ्यात जास्त फाउल इथेच होतात आणि कुणी धरत नाही. एक नंबरला हळूच टेकवून पांढरा दुसऱ्या बॉलआड लपवायचा, पण कुशनला काहीच लागलेलं नसतं.

रवीकाका: पुश म्हणजे फाउलच. क्यूची टीप पांढऱ्याला चिकटलेलीच ठेवून ढकलत नेलं तर बिलियर्ड्समध्ये लगेच पकडतात. तुमच्या मित्राने ढकललंच ना?

शुभदा: काका, तुम्ही म्हणताय तो पुश शॉट. तो नाइन-बॉलमध्येही फाउलच. पुश आउटमध्ये स्ट्रोक नेहमीसारखा स्वच्छ मारायचा असतो. सूट फक्त दोन गोष्टींची: लहान नंबरला लावायची सक्ती नाही आणि कुशनचीही नाही. बाकीचे फाउल लागू राहतात, म्हणजे पांढरा पॉकेटात गेला तर समोरच्याला तो हातात मिळतो आणि टेबलावर हवा तिथे ठेवता येतो.

तन्मय: आम्ही तर अडकलो की कधीही पुश आउट म्हणतो. तोच तर त्याचा उपयोग.

शुभदा: कधीही नाही रे. ब्रेकनंतरच्या अगदी पहिल्या शॉटलाच, तोही ब्रेकवर फाउल झाला नसेल तर. पूर्वी एका प्रकारच्या नियमात मधेही ढकलता यायचं, जुन्या खेळाडूंची सवय तिथून आलेली असू शकते. आता कारण एवढंच उरलंय, की ब्रेकनंतर पांढरा कुठे थांबेल हे बरंचसं नशिबावर असतं. त्या एका शॉटापुरती सुटका मिळते. मधल्या डावात अडकलात तर समोरच्याने तुम्हाला खेळून अडकवलेलं असतं, तिथे सूट कशाला?

आता मिहिरची केस. ब्रेकवर तीन पडला, म्हणून पुढचा शॉट ब्रेक करणाऱ्याचाच. काहीच पडलं नसतं तर हा हक्क समोरच्याकडे गेला असता. त्याने आधी सांगितलं, मग मारलं. फाउल नाही. आता समोरच्याने टेबल बघायचं आणि ठरवायचं: पांढरा आहे तिथून मी खेळतो, किंवा तूच खेळ. परत दिलं तर ब्रेक करणाऱ्याला तिथूनच नेहमीच्या नियमाने खेळावं लागतं, दुसऱ्यांदा पुश आउट नाही.

तन्मय: आणि पुश आउटमध्ये बॉल पडला तर?

शुभदा: पडलेला तसाच राहतो. फक्त नऊ पडला तर तो परत स्पॉटवर, म्हणजे टेबलावरच्या ठरलेल्या खुणेवर, ठेवतात. पडला म्हणून पुढचा शॉट तुझा होत नाही, निवड समोरच्याचीच.

मिहिर: मग मधोमध ठेवणं शहाणपणाचं होतं का? तिथून एक नंबर सरळ दिसत होता, मधल्या पॉकेटात सोपा.

शुभदा: अजिबात नाही. समोरचा तो पाडणार आणि खेळत सुटणार. पांढरा अशा जागी न्यायचा, की शॉट मला जमेल पण समोरच्याला नको वाटेल. तुझा बँक शॉट चांगला असेल, तर एक नंबर कुशनवरूनच पाडता येईल अशी जागा निवड. त्याने घेतला तर तो चुकण्याची शक्यता जास्त, परत दिला तर शॉट तुझ्या हातचा.

तन्मय: मला हे पटत नाही. समोरचा माझ्यापेक्षा भारी असेल, तर तो बँकही पाडेल. मी एक नंबर लांबवर, जेमतेम दिसेल असा ठेवीन. पाडायला कुणालाच सोपा नको, पण त्याला लावून पांढरा लपवायला सोपं.

शुभदा: मग भारी खेळाडू लपवेल आणि तू अडकशील. पण हो, क्लबात लपवण्याचा सराव फार कमी जणांना असतो, तिथे तुझं चालेलही.

रवीकाका: एक विचारू? आमच्याकडे कुणी बोलत नाही, क्यूने टेबलावर टक टक करून खूण करतात. हे सांगितलं म्हणून धरायचं का?

शुभदा: समोरच्याला कळलं असेल तर धरायचं, काका. न कळवता मारला तर तो साधा शॉट, आणि एक नंबरला आधी लागला नसेल तर फाउल.

मिहिर: आमच्या समोरच्याचं म्हणणं आता नेमकं तेच आहे. ‘मला ऐकूच आलं नाही.’