मदत हवी आहे: वर्क फ्रॉम होमच्या अर्जात घरभाड्याचं लिहावं का?

ऑफिस ऐरोलीत, मी घणसोलीत भाड्याने राहते. भाडं २२,००० रुपये, करार ऑगस्टअखेर संपतोय. बदलापूरला आईबाबांचं स्वतःचं घर आहे, पण तिथून रोज ठाण्याला गाडी बदलून ऐरोली गाठणं म्हणजे जीव जातो. आठवड्यातून दोनदा जमेल. म्हणून पूर्ण नाही, तीनच दिवस घरून काम मागतेय.

मॅनेजरसाठी मसुदा असा:

"सर, सप्टेंबरपासून सोमवार, बुधवार, शुक्रवार घरून काम करण्याची परवानगी मिळावी. व्हेंडरची बिलं तपासणं आणि रिकन्सिलिएशन व्हीपीएनवरून होतं. महिनाअखेरच्या क्लोजिंगला मी रोज ऑफिसात असेन. तीन महिन्यांनी आढावा घेऊन पुढचं ठरवावं."

आता भाडं आणि प्रवासखर्च यात घालावा का? मैत्रीण म्हणते, तो तुझा प्रश्न, कंपनीचा नाही. मला मात्र कारण लपवणं विचित्र वाटतं; एका ओळीत, शेवटी लिहावं असं वाटतंय.

दुसरं म्हणजे, मी जुन्या करप्रणालीत आहे. भाडं थांबलं की एचआरएची सवलतही जाणार, म्हणजे २२,००० पूर्ण वाचणार नाहीत. आईबाबांना खरोखर भाडं देऊन कोणी ती सवलत घेतली आहे का? एचआरने कोणती कागदपत्रं मागितली?