अनुभव धागा: "विश्वास कमी पडला" म्हणणारी मंडळी आणि डिप्रेशनवरचा उपदेश

आमच्या पाळकसाहेबांनी १ राजे १९ वर उपदेश केला. कर्मेल डोंगरावर एवढा जिंकलेला एलीया, ईजबेलची धमकी आली तसा रानात पळाला आणि झाडाखाली बसून मरण मागायला लागला. देवदूत त्याला ओरडला नाही, भाकर-पाणी दिलं, झोपू दिलं, परत उठवून खायला घातलं. साहेब म्हणाले उदास माणसाला अविश्वासू म्हणायचं नाही, आधी ऐकायचं. तुमच्याकडे काय होतं?

नगरची सून: बाळंतपणानंतर मला रडूच आवरायचं नाही. महिला मंडळाच्या एक मावशी आल्या, प्रार्थना केली नि जाता जाता म्हणाल्या, काही पाप लपवलंस का बघ. मग मी गप्पच, चर्चला हसत जायचे. शेवटी जाऊबाईंनी विचारलं, रात्री झोपतेस का गं? बाळ स्वतःकडे घेतलं नि मला डॉक्टरकडे नेलं.

बाळूदादा: उपदेश पटला, पण गोळ्या नकोत. मेव्हण्याने बंद केल्या तर चक्कर यायला लागली, म्हणजे व्यसनच ना ते!

वॉर्ड सिस्टर: दादा, चक्कर खरी आहे, पण ती एकदम बंद केल्याने येते, डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात. सवय लागते ती काही झोपेच्या गोळ्यांची. खरी अडचण अशी की फरक पडायला दोन-चार आठवडे, कधी जास्तही लागतात आणि मळमळ वगैरे आधीच सुरू होते, मग पेशंट आठवड्यात सोडतो आणि लोक म्हणतात बघा, औषधाने काही होत नाही. अजून एक, कोणी "जगावंसं वाटत नाही" म्हणालं तर वचन सांगून विषय बदलू नका, सरळ विचारा, जीव द्यायचा विचार येतो का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हणालं तर एकटं सोडू नका, टेली मानस १४४१६ ला फोन लावा, मराठीत बोलतात, फुकट आहे.

सॅमी: मला तर उपदेशातच झोप यायची, सगळे म्हणायचे आत्मिक थंडपणा, टेस्ट केली तर थायरॉइड निघालं. विषय हाच आहे ना?

जुना बाक: पण पुढे देव विचारतोच की, एलीया, तू इथे काय करतोस? ती कानउघाडणीच झाली. नुसतं ऐकत बसलं तर माणूस उठणार कधी?

धागाकर्ता: काका, एलीया तेच गाऱ्हाणं दोनदा सांगतो नि देव दोन्ही वेळा पूर्ण ऐकून घेतो. काम नंतर देतो, आणि अलीशा सोबतीला.

जुना बाक: आणि सात हजार अजून बाकी आहेत हे सांगून चूक पण दाखवतो, ते सोडू नका.

कोपऱ्यातला: आमच्याकडे असा उपदेश झाला, लगेच मध्यस्थीच्या प्रार्थनेत माझं नाव घेऊन "भावाला नैराश्यातून सोडव", बाहेर चहाला सगळे माझ्याकडे बघतायत. हेतू चांगला होता हो, पण मला विचारायचं तरी. तुमच्याकडे नाव घ्यायच्या आधी विचारतात का?