मदत हवी आहे: दुसरीसाठी दशक-एककाच्या चित्रांची सरावपत्रिका, सोप्याकडून अवघडाकडे

सक्करदऱ्याची_ताई
नमस्कार. मी नागपूरला घराजवळच्या सात मुलांना संध्याकाळी शिकवते. सगळी दुसरीतली, मराठी माध्यमाची. दशक-एककासाठी मी हातानेच सरावपत्रिका काढल्या. दशकाला दहा चौकटींचा उभा दांडा आणि एककाला सुटी चौकट, डावीकडे दांडे, उजवीकडे सुटे. खाली "द" आणि "ए" अशी दोन घरं. पहिल्या पानावर ११ ते २०, दुसऱ्यावर २१ ते ५०, तिसऱ्यावर ५१ ते ९९. तिन्ही पानं सगळ्यांची जवळजवळ बरोबर आली, म्हणून मी निश्चिंत होते.

चौथ्या पानावर ३ दांडे आणि १२ सुटे काढले. सातपैकी पाच जणांनी ३१२ लिहिलं. एकाने तर मला "तीनशे बारा" वाचूनही दाखवलं, अगदी खात्रीने. ९९ पर्यंत येणारी मुलं इथे का अडली? मधे कोणती पायरी राहून गेली? पानं नव्याने काढायची तयारी आहे, फक्त क्रम सांगा.

चौकटीची_वही
ताई, सोपा उपाय आहे. "एका घरात एकच अंक" हा नियम पाठ करून घ्या. दशक डावीकडे, एकक उजवीकडे, हे रोज वीस वेळा लिहायला लावा. माझ्या पुतणीला असंच जमलं.

आजोबा_झेडपी
मी जिल्हा परिषदेच्या शाळेत बरीच वर्षं पहिली-दुसरी शिकवली. ताई, तुमची पहिली तिन्ही पानं एकाच अवघडपणाची आहेत. आकडे मोठे झाले, पण मुलाला डोक्यात नवीन काहीच करावं लागलं नाही. डावीकडचं मोजायचं आणि पहिल्या घरात लिहायचं, उजवीकडचं मोजायचं आणि दुसऱ्या घरात लिहायचं. दांड्यात दहा आहेत हे माहीत नसलेलं मूलही ८७ बरोबर लिहील. म्हणून ३१२ हे त्यांच्या दृष्टीने तुमच्याच पद्धतीने काढलेलं उत्तर आहे.

उद्या एक करून बघा. पाच सुटे डावीकडे आणि तीन दांडे उजवीकडे काढा, बाकी काही बोलू नका. आणि मुलं मोजताना पेन्सिलीच्या टोकाकडे लक्ष ठेवा.

पुण्याहून_बाबा
माझा मुलगा चौथीत आहे, त्याचा हातच्याच्या वजाबाकीत गोंधळ होतो. स्थानिक किंमत आणि दर्शनी किंमत यातला फरक त्याला तोंडपाठ आहे, तरी ५२ वजा १८ चं उत्तर ४६ काढतो. हा तोच प्रश्न आहे का?

आजोबा_झेडपी
बराचसा तोच. २ मधून ८ जात नाहीत म्हणून तो उलटं ८ मधून २ काढतो. ५२ म्हणजे चार दशक आणि बारा सुटेसुद्धा, हे त्याने चित्रात कधी केलेलं नसणार. इथे ताईंचं पुढे जाऊ द्या, तुम्हालाही उपयोग होईल.

सक्करदऱ्याची_ताई
आजोबा, केलं. सातपैकी चौघांनी ५३ लिहिलं! उलट्या मांडणीची मला कल्पनाच सुचली नव्हती.

पेन्सिलीचंही पाहिलं. एक मुलगा ३४ च्या चित्रात दांड्यातल्या प्रत्येक चौकटीवर टोक टेकवून राहिला होता, एक, दोन, तीन करत थेट चौतीसपर्यंत. उत्तर बरोबर, म्हणून मी आजवर त्याच्यावर बरोबरची खूण करत आले.

"एका घरात एकच अंक" हेही सांगून पाहिलं. ३१२ गेलं खरं, पण दोघांनी ३ आणि २ लिहिलं. बारातला १ कुठे गेला विचारलं, तर म्हणे "तो मावत नाही".

चौकटीची_वही
हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. पुतणीला दहापेक्षा जास्त सुटे कधी दिलेच नव्हते.

आजोबा_झेडपी
नियम खरा आहे, पण तो शेवटी येतो. आधी दहा सुट्यांचा एक दांडा मुलाच्या हाताने व्हायला हवा. ताई, पानं आता अशी काढा. संख्या सगळीकडे ५० च्या आतच ठेवा, अवघडपणा मांडणीतून वाढू द्या.

पहिल्या पानावर चौकटी दिसणारे दांडे. मुलाने एक दांडा एकदाच मोजायचा आणि त्यावर १० लिहायचं. दुसऱ्या पानावर आतल्या रेघा काढून टाका, दांडा नुसता कोरा. तो मोजणारा मुलगा इथे थांबेल, कारण टेकवायला चौकटीच नाहीत. तो थांबला की चित्र बाजूला ठेवा आणि खराट्याच्या दहा काड्या त्याच्याकडूनच रबराने बांधून घ्या. तिसऱ्या पानावर दांडे आणि सुटे विखुरलेले, कधी सुटे डावीकडे, कधी वर. इथेच ४ दांडे आणि शून्य सुटे, किंवा नुसते ७ सुटे, अशी दोन-तीन चित्रं मिसळा.

चौथं पान तुमचं. पण १२ सुटे एकदम विखरू नका. आधी पाच-पाचच्या दोन ओळी आणि खाली दोन उरलेले, म्हणजे दहा डोळ्यांना दिसतात. मुलाने त्या दहांभोवती गोल काढायचा, शेजारी नवा दांडा काढायचा आणि ते दहा खोडायचे. खोडणं विसरतात, मग ४ दांडे आणि पुन्हा १२ सुटे होतात. आता मोजलं की ४ आणि २, बेचाळीस. हे जमलं की विखुरलेले १४, मग १७.

पाचवं पान उलटं. ३४ दिलेलं, मुलाने ते तीन तऱ्हांनी काढायचं: ३ दांडे ४ सुटे, २ दांडे १४ सुटे, १ दांडा २४ सुटे. हे पान स्वतःचं स्वतः करणारं मूल पुढे हातच्याला सहसा घाबरत नाही. पुण्याच्या बाबांनी मुलाला इथूनच सुरू करावं.

सक्करदऱ्याची_ताई
खूप मोठी मदत झाली. आज पहिलं पान काढलं. झेरॉक्सवाल्याकडे छोट्या चौकटी काळ्या ठिपक्यांसारख्या येत होत्या, म्हणून मुलांच्या चौकटीच्या वहीतच दांडे काढून घेतले. दहा चौकटींचा एक दांडा, मापही आपोआप बरोबर.

एकच अडचण उरली. एक मुलगी चित्र बरोबर मोजते, ४ दांडे ७ सुटे, तोंडाने "सत्तेचाळीस" म्हणते आणि ७४ लिहिते.

चौकटीची_वही
आपल्या भाषेत एकक आधी बोलतात ना, सात आधी ऐकू येतो. म्हणूनच २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" असं वाचन आलं होतं. तिला "चाळीस सात" म्हणू द्या.

आजोबा_झेडपी
यावर माझं मत वेगळं आहे. घरी-बाजारात तिला सत्तेचाळीसच ऐकायचं आहे. मी दोन्ही म्हणून घेत असे, लिहिताना "चाळीस आणि सात", वाचताना सत्तेचाळीस. काहींना उपयोग व्हायचा, काहींचा गोंधळ वाढायचा. आणि एकोणपन्नासला तर दोन्ही बाजूंनी अडचण, कारण तिथे नऊ ऐकूच येत नाही. तिला आधी दांडे काढून होताच ४ लिहायला लावा, संख्येचं नाव नंतर म्हणू द्या. आठवडाभराने सांगा.